सावेडीच्या नकाशातलं पाणी

नीलांबरीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यामुळे नकाशा म्हटला की त्यांना तो पुरता समजल्याशिवाय चैन पडायचं नाही. सावेडीतल्या त्यांच्या नव्या घराचा नळकामाचा मूळ नकाशा इंजिनिअरच्या कचेरीत होता. तो कोणी बाहेर देईना, म्हणून त्यांनी फोटोवाला नेऊन त्याचा फोटोच काढून आणला. आणि तो समजावून सांगायला बोलावलं कोणाला, तर ज्यानं नळ जोडले त्या मला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. सायकल त्यांच्या फाटकाला लावताना माझ्या मनात चांगलं टिपूर चांदणं पडलं होतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, दुष्काळाचं दुसरं वर्ष. नळ कोरडे होते आणि टँकर येईल तेवढ्याच घागरी घरात यायच्या. चार महिन्यांपूर्वी बाईंनी मागच्या न्हाणीघरात घाण वास येतो म्हणून मला बोलावलं होतं. शेजारच्याच खोलीत त्यांच्या सासूबाई, मनकर्णाबाई, पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना त्या वासानं जेवण जात नव्हतं. तेव्हा मी सांगून मोकळा झालो होतो, की वापर नसला की जाळीखालचं पाणी सुकतं आणि वास वर येतो, रोज दोन तांबे ओतत जा. गोष्ट शंभर टक्के खरी, फक्त या घराला लागू नव्हती.

बाईंनी टेबलावर फोटो ठेवला आणि हातात भिंग दिलं. अखंड रेघ म्हणजे चांगल्या पाण्याचा पाइप, तुटक रेघ म्हणजे सांडपाण्याचा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे व्हॉल्व्ह. टाकीखालचा हा बंद केला की घरातलं पाणी बंद. संडासाची रेघ चेंबरला जाते, तिथून सेप्टिक टँकला, आणि गच्चीवर गेलेला उभा पाइप आतली हवा वर सोडतो. एवढं मी घडाघडा सांगितलं.

मग त्यांनी मागच्या न्हाणीघरावर बोट ठेवलं. तिथल्या छोट्या गोलाशेजारी 'एन. टी.' अशी अक्षरं होती. तो नहाणी ट्रॅप, मी म्हणालो. जाळीखाली वाटीसारखं भांडं असतं, त्यात कायम पाणी राहतं आणि ते पाणी गटाराची हवा अडवतं. बाहेरच्या चौकोनात तसाच दुसरा, गली ट्रॅप. तो ओलांडून मग पाणी चेंबरला.

"म्हणजे मी ओतलेलं पाणी इथे थांबतं," बाई समाधानानं म्हणाल्या. "तरी वास जाईना, तेव्हा वाटलं कमी पडतंय. महिनाभर तीन तांबे ओततेय."

तीन तांबे, त्या उन्हाळ्यात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंब पाठवणारा मी. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर बांधताना त्या कोपऱ्यात हातभरावर कातळ लागला होता. पहारी बोथट झाल्या, वास्तुशांतीची तारीख डोक्यावर आली, आणि मी जाळीखाली नुसता बेंड, म्हणजे पाइपाचा वाकडा तुकडा, बसवून पाइप सरळ चेंबरला जोडला. वर फरशी घातली. नकाशातल्या दोन ट्रॅपांपैकी एकही जमिनीत नव्हता.

मी भिंग खाली ठेवलं.

"बाई, नकाशात हाय ते जमिनीत न्हाई. मीच बसवलं न्हाई. तुमी वतलेलं पानी कवाच थांबलं न्हाई, सरळ वाहून गेलं."

त्या ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्या उठून न्हाणीघरात गेल्या, जाळी काढली, तांब्याभर पाणी ओतलं आणि बॅटरी लावून आत बघत राहिल्या. पाणी गेलं आणि खाली नुसता ओला पाइप दिसत राहिला. मी म्हणालो, उद्या पहाटे छिन्नी घेऊन येतो, फरशी फोडतो, कातळ फोडतो, दोन्ही ट्रॅप बसवतो.

"ते कराच," त्या म्हणाल्या, "पण आधी हे आईंना सांगा. मी सांगून उपयोग नाही."

मला कळेना. तरी गेलो. मनकर्णाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, नाकाशी पदर. उशाशी पाण्याचं फुलपात्र होतं. मी पायाशी बसून सगळं सांगितलं, कातळाचंही सांगितलं. त्यांनी हळूहळू कूस बदलली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे ही खरंच ओतत होती?" त्यांनी मला विचारलं. "मी चार महिने हिला खोटी म्हणत होते. माझ्यासाठी पाणी खर्चायला हिच्या जिवावर येतं, म्हणून वास येतो, असं येईल जाईल त्याला सांगत होते."

"रोज वतत हुत्या, आजी," मी म्हणालो.

म्हातारीनं सुनेपुढे हात केला. बाई दारातच थांबल्या, पदरानं ओले हात पुसत. पुढे आल्या नाहीत. एवढा काळ आत साठलेलं काही एका वाक्यानं निघून जात नाही, हे मलाही कळत होतं.

छिन्नी घरी होती. उद्यापर्यंत थांबायचा धीर मला झाला नाही, भर उन्हात ती आणायला निघालो.