घोट्यापासून चार बोटं वर

अक्का निवृत्त झाली तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून तिच्या पायांनी एकतीस वर्षं काढली होती. सर्जन बदलले, दिवे बदलले, जमिनीच्या फरशाही दोनदा बदलल्या. टेबलाच्या उजव्या बाजूला हत्यारांच्या ट्रेपाशी उभी असायची ती मात्र अक्काच. शिरांची ऑपरेशनं तर तिने इतकी पाहिली होती, की सर्जनने हात पुढे करायच्या आत त्याला हवा तो चिमटा तिच्या बोटांत तयार असायचा.

आणि आता त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, ड्रेसिंगच्या खोलीत, डावा पाय स्टुलावर टाकून ती बसली होती. घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होती, रुपयाएवढी. अडीच वर्षं झाली तरी बंद व्हायचं नाव नाही. भोवतालची कातडी तपकिरी आणि टणक झालेली. दोन वर्षांपूर्वी पायातली लांब शीर, म्हणजे घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी, लेसरने बंद करून झाली होती. तेव्हा जखम भरत आली, त्या आनंदात अक्काने घरात सगळ्यांना जेवण दिलं आणि तिसऱ्या महिन्यात जखम पुन्हा चिघळली.

"स्टॉकिंग घालत नसाल नियमित," असं तेव्हापासून तिला चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं होतं. आज सर्जननेही सांगितलं.

हा सर्जन शिकाऊ होता तेव्हा पहिल्याच दिवशी निर्जंतुक ट्रेवर कोपर टेकवून बसला होता आणि अक्काने त्याला सगळ्यांदेखत बाहेर हात धुवायला पाठवलं होतं. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस दिसायला लागले होते. माणूस कामाला चोख, पण घाईचा.

"अक्का, सोनोग्राफीचा, डॉपलरचा रिपोर्ट बघा ना. खोल शिरा मोकळ्या आहेत. लांब शीर बंद आहे. आता राहिलं काय? घट्ट मोजे घालणं आणि पाय वर ठेवणं."

अक्काने रिपोर्ट घेऊन त्याची घडी घातली. पण तिच्याबरोबर आलेली सून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने पिशवीतून गुडघ्यापर्यंतचे चार मोजे काढले आणि सर्जनच्या टेबलावर एकामागून एक ठेवले. टाचेशी विरलेले, कडा सैल पडलेल्या.

"हे न घातलेले मोजे आहेत होय डॉक्टर? रोज रात्री मी धुते, रोज सकाळी त्या चढवतात. चढवताना दहा मिनिटं झटापट चालते, अख्ख्या घराला ऐकू येते. बाकी काय म्हणायचं ते म्हणा, पण आईंना खोटं पाडू नका."

सर्जन ओशाळला. "तसं नव्हतं म्हणायचं मला," एवढंच पुटपुटला आणि वॉर्डातून बोलावणं आलं म्हणून निघून गेला.

खोलीत उरल्या तिघी. तिसरी होती ड्रेसिंगची सिस्टर. अंगाने बारीक आणि हालचालीला चपळ, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिने बँडेज उलगडलं, जखम धुतली, वर ओलं गॉज ठेवलं.

"चिमणे," अक्का अचानक म्हणाली, "तो डॉपलर केला तेव्हा माझं बँडेज काढलं होतं का गं कुणी?"

चिमणीचा हात थांबला. "मीच सोडायला आले होते तुम्हाला. नाही काढलं. तुम्ही आडव्या पडलेल्या होतात, त्यांनी जांघेपासून पोटरीपर्यंत बघितलं, आणि बाहेर खूप लोक बसले होते..."

"म्हणजे जिथे दुखणं तिथेच बघितलं नाही."

अक्काने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे पाय उलगडत गेला, टेबलावर शेकडो वेळा पाहिला होता तसा. वर कातडी, मग चरबी. त्या चरबीत वरच्या शिरा. त्याखाली स्नायूंना गुंडाळणारं जाड पांढरं आवरण. त्याच्या आत, स्नायूंच्या मधोमध, खोल शिरा. पायातलं बहुतेक रक्त वर नेणाऱ्या त्याच. आणि त्या आवरणाला ठिकठिकाणी भोकं पाडून वरची शीर खोल शिरेला जोडणाऱ्या आखूड शिरा, परफोरेटर. त्यांच्यात झडपा असतात. रक्त बाहेरून आत जाऊ देतात, आतून बाहेर येऊ देत नाहीत. चालताना पोटरी आवळली की खोल शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. पण एखाद्या परफोरेटरची झडप निकामी असली, तर प्रत्येक पावलाला तेच रक्त भोकातून उलटं कातडीकडे मुसंडी मारतं. मग माणसाने कितीही मोजे घालावेत.

"रबरी पट्टा आहे ना तुझ्याकडे? रक्त काढताना बांधतात तो?"

"आहे. पण अक्का, डॉक्टरांना विचारून..."

"अगं, हे डॉक्टरांच्या आजोबांच्या वेळचं आहे. बांध तू."

अक्का तपासणीच्या टेबलावर आडवी झाली. सुनेने तिची टाच आपल्या खांद्यावर घेतली. चिमणीने घोट्यापासून वर हलक्या हाताने पोटरी चोळली, तशा पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा रिकाम्या होऊन सपाट झाल्या. मग अक्काने पडल्यापडल्याच गुडघा छातीशी ओढून घेतला आणि जखमेच्या वरची कातडी स्वतः बोटांनी चाचपली. घोट्यापासून चार बोटं वर, जखमेची कड संपते तिथून थोडं पुढे, एका जागी बोटाचं टोक आत गेलं. पांढऱ्या आवरणातला खड्डा. तिथे तिने चिमणीचं बोट ठेवलं.

"दाबून धर. सोडू नकोस. आता गुडघ्याखाली पट्टा बांध. वरून उतरणारं रक्त अडलं पाहिजे. आणि मला उभी कर."

एका हाताचं बोट दाबून, दुसऱ्या हाताने पट्टा, आणि वर अक्काला सावरायचं, असं चिमणीला जमेना. पट्टा सुनेने बांधला. अक्का उभी राहिली.

"मोज."

चिमणी मोजायला लागली. दहा. वीस. शिरा सपाटच. पंचवीसला दार उघडलं. स्टेथोस्कोप विसरला म्हणून सर्जन परत आला होता. समोरचं दृश्य बघून तो दारातच थबकला. चिमणी गुडघ्यावर बसून अक्काचा पाय धरून आहे, सून पट्टा आवळते आहे, आणि अक्का खांबासारखी ताठ उभी.

"हे काय चाललंय?"

"या, अगदी वेळेवर आलात," अक्का म्हणाली. "पोटरीकडे बघा. चिमणे, बोट सोड."

चिमणीने बोट उचललं. दोन मोजायच्या आत खड्ड्यापासून एक निळी शीर तट्ट फुगली आणि पोटरीच्या मागच्या अंगाने वर चढत गेली. पट्टा तसाच आवळलेला होता, म्हणजे वरून रक्त यायला वाव नव्हता. आलं ते आतूनच.

सर्जन पुढे आला. खाली बसला. "पुन्हा करू," म्हणाला. पुन्हा केलं. या वेळी बोट त्याने स्वतः दाबलं. पुन्हा तेच.

"पण लांब शीर तर बंद आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "ती बंद केली की खालचे परफोरेटर बहुतेक वेळा आपोआप सुधारतात."

"बहुतेक वेळा. पण घोट्याजवळचे हे परफोरेटर लांब शिरेला जोडलेले नसतातच डॉक्टर. तिच्या मागून कमानीसारखी एक शीर जाते, तिला जोडलेले असतात. तुमचेच सर आम्हाला टेबलावर दाखवायचे. लांब शीर काढली तरी ही कमान आणि तिच्याखालची भोकं जागच्या जागी राहतात."

सर्जनच्या चेहऱ्यावर आधी कोडं होतं, मग एकदम उजाडलं. "उद्या सकाळी पहिला डॉपलर तुमचा," तो म्हणाला. "उभं राहून. बँडेज काढून. यंत्र मी स्वतः धरणार."

दुसऱ्या दिवशी अक्का कठड्याला धरून उजव्या पायावर भार देऊन उभी राहिली. सर्जनने आधी जांघेपासून खाली खोल शिरा तपासल्या; कुठे जुनी गुठळी, कुठे अडथळा नाही ना, हे बघितल्याशिवाय वरची कुठलीही वाट बंद करायची नाही, हे दोघांनाही माहीत होतं. खोल शिरा स्वच्छ होत्या. मग त्याने यंत्राचं टोक घोट्याच्या वर आणलं. पडद्यावर पांढऱ्या आवरणाची रेघ दिसली आणि रेघेत एक खिंडार. त्यातून जाणारी शीर चार पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर जाड. त्याने पोटरी दाबून सोडली. रक्त क्षणात थांबायला हवं होतं. ते उलटं, बाहेरच्या दिशेने, सव्वा सेकंद वाहत राहिलं. अर्ध्या सेकंदालाच झडप निकामी धरतात.

"सापडला चोर," अक्का म्हणाली.

सर्जन हसला नाही. यंत्र खाली ठेवून तो म्हणाला, "अक्का, मोज्यांबद्दल बोललो त्याची मी माफी मागतो."

"ती माझ्या सुनेकडे मागा. धुते ती."

पुढच्या आठवड्यात लेसर झालं. पायाला भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. अक्काने पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि सुईतून आत सरकणाऱ्या बारीक तंतूवर डोळा ठेवला. "टोक रेघेच्या आत नको," ती म्हणाली. "आत खोल शीर आहे, शेजारी धमनी."

"माहीत आहे, अक्का."

"माहीत आहे ते माहीत आहे. मी आपली सवयीने बोलते."

थिएटरमधली सगळी माणसं मास्कआड हसली. शीर बंद झाली. त्याच बैठकीत जखमेखालच्या फुगलेल्या कमानीत औषधाचा फेस सोडला, वर घट्ट बँडेज बांधलं, आणि सर्जन म्हणाला, "आता चाला." अक्का बाहेरच्या लांब बोळातून दोन फेऱ्या मारून आली.

आठवड्याने तपासलं तेव्हा शीर बंदच होती आणि खोल शिरा मोकळ्या. मग चिमणीच्या वहीत दर मंगळवारी जखमेचं माप पडत गेलं. रुपयाएवढी, नखाएवढी, वाटाण्याएवढी. कडेने गुलाबी नवी कातडी आत सरकत होती. चिमणी दर वेळी मोजपट्टी दोनदा लावून बघायची, आपल्याच डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखी. नवव्या मंगळवारी तिने पट्टी लावली, काढली आणि मापाच्या रकान्यात मोठ्ठं शून्य काढलं.

"अक्का!" ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या खोलीतले दोन पेशंट आणि एक वॉर्डबॉय काय पडलं म्हणून धावत आले. सर्जनही आला. त्याने नवी कातडी अंगठ्याने हळूच दाबून पाहिली आणि मग अक्काला चक्क वाकून नमस्कार केला.

डॉपलरच्या खोलीच्या दारावर त्याच दिवशी एक कागद लागला. सर्जनच्याच तिरक्या अक्षरात: पायाची तपासणी उभं राहून. बँडेज पूर्ण काढून. घोट्यापर्यंत. खाली सही होती आणि सहीखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'अक्कांच्या हुकमावरून'. सर्जनने ते पुसलं नाही.

पंधरा दिवसांत त्या खोलीत आणखी तिघांच्या बँडेजखाली असेच परफोरेटर सापडले. त्यातला एक भट्टीपुढे बारा तास उभा राहणारा बेकरीवाला. त्याने सात वर्षं जखम वागवली होती. सर्जनने अक्काला फोन केला. "येऊन त्याला जरा समजावता का? लेसरला घाबरतोय. माझं ऐकत नाही."

"येते," अक्का म्हणाली, "पण आंघोळ करून."

गेली अडीच वर्षं तिने पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मोरीबाहेर काढून, अर्धीमुर्धी आंघोळ केली होती; नवी कातडी कोवळी म्हणून जखम भरल्यावरही पंधरा दिवस तसंच. आज तिने दोन्ही पाय एकदमच मोरीत टाकले. ऊन पाणी डाव्या पायावर तांब्या तांब्याने ओतलं. नव्या कातडीवरून पाणी घोट्यावर उतरलं, टाचेखाली साठलं, बोटांमधून वाहून गेलं. ती पुन्हा तांब्या भरायची, पुन्हा ओतायची.

"आई, झालं का? बादली संपली असेल!" सून बाहेरून म्हणाली.

"दुसरी भर!" अक्का आतून ओरडली.