बेचाळीस युनिट

माझी एक खोड आहे. कोणी विचारलं नसलं तरी मी हिशोब सांगतो. वीस वर्षं कर्जतच्या आसपास वायरिंगची कामं करतोय, त्यामुळे कुठल्या घरात काय किती वीज खातं हे मला आत पाऊल टाकताच दिसायला लागतं. बायको म्हणते, "साईनाथ, तुमी जीभ घरी ठेवून जात जा." तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

पळसदरीला धरणाच्या अलीकडे धनेश शेठचा बंगला आहे. शेठ ठाण्याचे. शनिवारी येतात, रविवारी जातात. माणूस सभ्य आहे. चहा पाजल्याशिवाय काम सांगत नाही आणि मजुरी कधी अडवत नाही. एप्रिलमध्ये त्यांनी सहा बीएलडीसी पंखे आणून ठेवले आणि मला बोलावलं. एक पंखा तीन हजार एकशे पन्नासला. साधा त्याच्या निम्म्यात येतो.

"वीज खूप वाचते म्हणे," शेठ म्हणाले.

"वाचते ना," मी म्हणालो. "जुन्या मोटरीत निम्म्याच्या वर वीज नुसती तापण्यात जाते. ह्याच्यात फिरत्या भागाला चुंबक असतात, वीज मोजूनमापून द्यायला सर्किट असतं. पण शेठ, पंखा फिरला तर वाचणार. तुमचे फिरतात कुठे?"

झाली माझी सुरुवात. वॉटमीटर पेटीत असतोच. बैठकीतला जुना पंखा त्याच्यावर लावला तर अठ्ठ्याहत्तर वॉट दाखवले, नवा लावला तर तीस. फरक अठ्ठेचाळीसचा. महिन्यातले आठ दिवस, रोजचे दहा तास धरले तरी एका पंख्यामागे चार युनिटसुद्धा वाचत नाहीत. शंभरच्या वरचं युनिट सगळे आकार धरून चौदा रुपयांना पडतं. म्हणजे वाचले पन्नास-पंचावन्न रुपये. चांगला चालू पंखा काढून हा लावला तर किंमत वसूल व्हायला पाच वर्षं लागणार.

शेठचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, आणि मग मला ती भलतीच कल्पना सुचली.

बंगल्याच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे ठकीबाई आणि दशरथ राहतात. दोघं डोंगराकडच्या ठाकरवाडीतले, बंगला राखतात. राखतात म्हणजे आता एकटी ठकीबाईच राखते. दोन वर्षांपूर्वी दशरथ ह्याच आवारातल्या आंब्यावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. दवाखान्याचा खर्च शेठनीच केला, ते मी विसरत नाही. पण तेव्हापासून दशरथ पाठीवर पडून असतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावर तापतो. पंखा बंद झाला की पडून पडून पाठीला झालेल्या जखमा घामाने चिघळतात. म्हणून त्यांचा पंखा अठरा-अठरा तास चालतो. खोलीची लाइन बंगल्याच्याच मीटरवर आहे. बिल कधी वेगळं काढलेलं नाही, लाइट नोकरीतच धरलेली.

मी म्हणालो, "वरच्या पाहुण्यांच्या खोलीतला पंखा तर दिवाळीलाच फिरतो. तिथला सहावा नवा मागच्या खोलीत लावू या. तिथे तो पैसे वसूल करील." आणि कागद काढून लिहूनच दाखवलं. जुना पंखा, अठरा तास, महिन्याला बेचाळीस युनिट. नवा, सोळा. वाचली सव्वीस. रुपये तीनशे चौसष्ट. पंख्याची किंमत नऊ महिन्यांत वसूल.

खरं सांगतो, मनात दशरथच होता. संध्याकाळी इथे व्होल्टेज पडतं, तेव्हा जुना पंखा नुसता हलतो. हा तसा मंदावत नाही. शिवाय रिमोट असतो, त्याला अंथरुणातून चालवता येईल. हे सगळं शेठना पटवण्यापेक्षा आकडा पटवणं सोपं, असा माझा शहाणपणा.

शेठनी कागद दोनदा वाचला. "बेचाळीस?" ते म्हणाले. "एकट्या त्या खोलीत?"



ठकीबाईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि पायरीखाली उभी राहिली. शेठ अगदी नीट बोलले. "ठकीबाई, साईनाथनी हिशोब काढलाय. तुमच्या पंख्यानं बिल फार येतंय. हा नवा पंखा तुम्हाला देतो. पगारातून महिन्याला साडेतीनशे कापू, नऊ महिने. मग पंखा तुमचा. उद्या वाडीवर घेऊन गेलात तरी मी अडवणार नाही."

ठकीबाईला पगार सहा हजार. त्यात दशरथची औषधं, मलमपट्टी आणि दोघांचं खाणं.

"शेठ, जुना चालतोय की," ती म्हणाली.

"चालतोय, पण मग तो रात्रीपुरताच लावा. दिवसभर मला परवडत नाही."

मी मध्ये पडलो. पडलो म्हणजे काय, पुटपुटलो. "शेठ, मीटर तुमचं हाय. वाचणार ते तुमच्याच बिलात. मग किंमत त्यांच्याकडून कशाला?"

"पण पंखा त्यांच्या मालकीचा होणार ना? आणि नऊ महिने हा आकडा तुमचाच आहे, साईनाथ."

आकडा माझाच होता आणि चूक कुठेच नव्हती. मी फक्त कोणाचं मीटर आणि कोणाचा पगार एवढंच बघायचं विसरलो होतो. अजून बोलायला हवं होतं. पण ह्या रस्त्यावरचे आणखी चार बंगले मला शेठच्या ओळखीनं मिळालेत, आणि मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

बाकीचे पाच पंखे परत न्यायचे ठरले. माझ्याच हिशोबानं शेठचे पंधरा हजारांच्या वर वाचले.

दुपारी मागच्या खोलीत शिडी लावली. बोर्डावरचा रेग्युलेटर मधून काढून लाइन सरळ जोडली, कारण रेग्युलेटरवर हे पंखे लावले तर सर्किट जातं. दशरथ खालून बघत होता. रिमोट त्याच्या हातात दिला. त्यानं बटण दाबलं, पाती फिरली. दुसरं दाबलं, वेग वाढला. दोन वर्षांत त्या माणसाच्या हुकमानं काही हललं नव्हतं. तो हसायला लागला.

"आवाजच नाय रं ह्याला!" तो म्हणाला. "ठके, बघ गं, मीच लावला!"

ठकीबाई दाराशी होती. तिनं त्याला काही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

मी पेटी आवरून बाहेर पडलो तशी ती मागोमाग आली. शेठनी खोलीच्या पंख्याची मजुरी म्हणून दिलेले दोनशे मी तिच्यापुढे धरले. तिनं घेतले नाहीत.

"दादा, तुमाला हिशोब येतो," ती म्हणाली. "ह्याच्यानं आमचं किती वाचंल?"

वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला स्वतःहून हिशोब विचारला होता. सव्वीस युनिट, तीनशे चौसष्ट रुपये, सगळं तोंडपाठ होतं.

"दशरथदादाला वारं लागंल ना," मी म्हणालो.

"वारं तर जुन्याचं पण लागत व्हतं," ती म्हणाली, आणि उतरवलेला जुना पंखा उचलून बंगल्याकडे द्यायला गेली. तो शेठचा होता.