शंभरातले ब्याण्णव

नागपूरचे व्याही जेवायला येणार म्हणून शेषराव भिलाईच्या दारूच्या दुकानात वाइन घ्यायला गेले. एका लाल वाइनपाशी पाटी होती: ९२ गुण.

"हे मार्क कोण देते?"

"समीक्षक, काका," काउंटरवरचा चंदन म्हणाला. "बरेचदा लेबल झाकून रंग, वास, चव पाहतात, घोट थुकून टाकतात अन् मार्क देतात. पन्नास तं सुरुवातीलेच भेटते."

"म्हणजे पेपर कोरा देला तरी पन्नास!"

शेषरावांनी चष्मा लावला. पाटी २०१९ च्या वाइनची, बाटली २०२२ ची. प्लांटात पोलादाच्या ओतणीचा नंबर सर्टिफिकेटशी जुळला नाही, तर अख्खी गाडी परत पाठवणारा हा माणूस. पण व्याह्यांवर छाप पाडायची होती. पाटीसकट बाटली घरी आली, आणि दुकानात ऐकलेलं सारं बायकोलाही सांगून झालं.

तिखट मटणावर पहिला घोट घेताच शेषरावांचं तोंड कडू झालं, जीभ पेटली. व्याही पेला सारून पाणी पिऊ लागले.

"ब्याण्णव मार्काची आहे," शेषराव कसंबसं म्हणाले.

त्यांच्या बायकोनं, कांताबाईंनी, रस्सा वाढला. "त्यानं थुकून मार्क देल्ले जी. तुमाले गिळा लागून राहिली."