सुकटीच्या डब्यातली कांडी

शहाऐंशी साली आमच्या मिरकरवाड्यातल्या नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा इतका वास यायचा की चहा तोंडात घेववत नसे. माझा धाकटा दीर शिवा मुंबईत फिल्टर बसवायचं काम करायचा. गणपतीला आला तेव्हा त्याने नळाला एक फिल्टर लावला. त्यातल्या कांडीत करवंटीचा कोळसा होता. करवंट्या तर मी रोज न्हाणीच्या चुलीत जाळते. त्या कसला वास काढणार? मी नळ भडाभडा सोडला. वास तसाच.

"वहिनी, धार करंगळीएवढी ठेवा. पाणी कोळशापाशी जरा रेंगाळलं पाहिजे, तरच तो वास काढून घेतो."

धार बारीक केली आणि प्यायले. वास नाही, कडवटपणा नाही. मी लगेच दुसरा पेला भरला.

जाताना त्याने प्लास्टिकच्या बंद पिशवीतली दुसरी कांडी दिली. "वास परत आला की ही घाला. तोवर पिशवी फोडू नका."

पण मी मासळीवाली. प्लास्टिकात घाम धरतो, माल कुजतो, एवढं मला कळतं. पिशवी फोडून कांडी सुकटीच्या कोरड्या डब्यात ठेवली.

सात महिन्यांनी वास परत आला. नवी कांडी घातली, धार बारीक केली, तर पाण्याला सुकटीचा वास.

मी डबा उघडून आत नाक घातलं. डबाभर सुकट, आणि वास जेमतेम. पंधरा वर्षं ती विकत होते मी, तिचा वास किती उग्र असतो ते मला ठाऊक होतं. कांडीने सात महिने तिचाच वास खाल्ला होता, पाण्यासाठी पोटात जागाच ठेवली नव्हती.