टाकीचं वळण

गिऱ्हाईक पाच वाजता येणार होतं. वहिनी दोनपासून गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. बसायला म्हणून मेकॅनिकने ऑइलचा उपडा डबा पुढे सरकवला होता. त्यावर त्या दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा मिनिटभरात उठल्या.

नवऱ्याची पाठ धरली तेव्हापासून, म्हणजे आठ महिने, रिक्षा त्याच चालवत होत्या. परवा ती टाकीच्या वळणावर डावीकडे आडवी झाली. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. आरसा गेला, काचेला तडा गेला आणि वहिनींचं कोपर सोललं. काल जेवताना धाकट्या दिराने सांगून टाकलं की त्याच्या ओळखीचा एक माणूस उद्या पाचला रिक्षा बघायला येतोय. वहिनी, तुमच्या जिवावर बेतलं असतं, असंही तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. नवरा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. वहिनींना तेच जास्त लागलं.

गॅरेजवाल्याला सगळे पान्याभाऊ म्हणत. वहिनींनी त्याच्याकडे एकच काम आणलं होतं. हँडल पूर्ण वळू नये म्हणून पुढच्या चाकाच्या दांड्याजवळ लोखंडाचा तुकडा वेल्ड करून द्यायचा. हँडल फार वळलं म्हणून रिक्षा पडली, तेव्हा ते कमी वळलं की पडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मग दिराला सांगता आलं असतं की खोड काढून टाकली, आता विकायचं कारण नाही.

पान्याभाऊने वाद घातला नाही. वेल्डिंग मात्र केलं नाही; तुकडा दोन बोल्टने आवळून दिला आणि टाकीला वळसा घालून या म्हणाला.

टाकीचं वळण म्हणजे वहिनींच्याच गल्लीचा तळ. उतार संपतो, पाण्याच्या टाकीला उजवीकडून जवळजवळ पूर्ण वळसा घालावा लागतो आणि लगेच चढ सुरू होतो. एका बाजूला टाकीचा कट्टा, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत. चारचाकीला तिथे मागेपुढे केल्याशिवाय गत्यंतर नसतं. रिक्षा एका दमात वळते, म्हणून तर त्या गल्लीत रिक्षाच जातात.

पण तुकडा बसवल्यावर रिक्षाही वळली नाही. चाक अर्ध्यावर येऊन लोखंडाला टेकलं आणि भिंत समोर आली. वहिनींनी रिव्हर्स टाकला, पुन्हा पुढे घेतली, पुन्हा भिंत. तिसऱ्या खेपेला मागे स्कूटरवाला येऊन थांबला.

"काकू, वळवताय की इथेच ठेवून जाताय?"

चौथ्या खेपेला रिक्षा बाहेर पडली. वहिनी घामाघूम होऊन गॅरेजमध्ये परतल्या तेव्हा साडेतीन झाले होते.

पान्याभाऊने खडू घेऊन रिक्षाची तिन्ही चाकं जिथे जमिनीला टेकत होती तिथे खुणा केल्या, रिक्षा मागे ढकलली आणि खुणा रेषांनी जोडल्या. फरशीवर लांबट त्रिकोण उमटला, मागे रुंद आणि पुढे टोकदार. त्याच्या आत, मागच्या बाजूला, त्याने एक नट ठेवला.

वजन इथे आहे, असं तो समजावत गेला. इंजिन मागे, सीट मागे, म्हणून नट रुंद बाजूला. उजवीकडे वळताना तो डावीकडे सरकतो. सरकू दे, रेषेच्या आत आहे तोवर रिक्षा उभी आहे. असं म्हणत त्याने नट डावीकडे सरकवला. मग विचारलं, "परवा वळताना ब्रेक दाबला होता?"

"दाबला होता. भीती वाटली म्हणून."

पान्याभाऊने नट पुढे ढकलला. पुढे त्रिकोण निमुळता होता. नट तिरकी डावी रेष ओलांडून बाहेर गेला.

वहिनी उकिडव्या बसून नटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो स्वतः उचलला, मागे ठेवला, डावीकडे सरकवला, पुढे ढकलला. पुन्हा बाहेर. एकदा नुसता पुढे ढकलला, तर आत राहिला. एकदा नुसता डावीकडे थोडाच सरकवला, तेव्हाही आत राहिला.

मग पुढे दोन चाकं का नाही देत, असं त्यांनी जरा चिडूनच विचारलं. दिली असती, तो म्हणाला, पण दोन चाकं एकत्र वळवायची तर त्यांना जोडणाऱ्या दांड्या आल्या, शेजारी जागा लागली, आणि मग तुमची टाकी एका दमात जमली नसती. एकटं चाक एकाच दांड्यावर हँडलला जोडलेलं, आजूबाजूला अडायला काही नाही, म्हणून ते इतकं तिरकं होतं. हे वळण त्या एका चाकामुळेच मिळतं, आणि टोकही त्याच्यामुळेच.

"पण इतक्या वेगात तिथे शिरलात कशाला?"

"पुढे चढ आहे ना. हे म्हणतात, उतारावरचा वेग सोडायचा नाही. इंजिन एवढंसं, चढावर दम टाकतं."

"दादा तिसऱ्यात चढवायला बघतो, म्हणून दम टाकतं. ते इंजिन लहान आहे ते बरं आहे, वहिनी. मोठं टाकलं तर ही धावायला लागेल, आणि हा त्रिकोण धावण्यासाठी नाही. पहिला गिअर कशासाठी दिलाय?"

लहान इंजिन पहिल्यात जोरात फिरतं, चाक हळू फिरतं, पण चढ ओढतं. हे वहिनींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आठ महिने त्या नवऱ्याचं वाक्य चालवत होत्या.

तुकड्याचे बोल्ट काढेपर्यंत साडेचार वाजले. घाईत वापरलेला एक जुना, गंजका बोल्ट अडून बसला होता, पान्याभाऊ त्याला शिव्या घालत होता आणि वहिनी घड्याळ बघत होत्या. साडेपाचला डायलिसिस संपवून त्यांचे नेहमीचे प्रवासी मास्तर दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहणार होते. आठवड्यातून तीनदा त्यांना वहिनीच घरी सोडायच्या. आज कोण जाणार, हे घरात कोणी विचारलंच नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचे तळहात घामाने ओले झाले. ते त्यांनी एकेक करून पदराला पुसले. उतारावरच ब्रेक दाबून वेग मारला, डाव्या हाताने क्लच धरून मूठ पहिल्यावर फिरवली आणि पाय पॅडलवरून काढून घेतला. टाकी आली. त्यांनी हँडल वळवलं, आणखी वळवलं, पार अडेपर्यंत. पुढचं चाक भिंतीपासून हातभर अंतराने सरकत गेलं. भीती वाटलीच, पाय पॅडलकडे निघालाच, पण त्यांनी तो फळीवर दाबून धरला. रिक्षा माणसाच्या चालीने वळली. मग चढ लागला, इंजिन कोकलू लागलं, आणि रिक्षा कुरकुरत, न थांबता वर चढली.

वर दारासमोर दीर उभा होता. सोबत एक जाडसर माणूस, हातात हेल्मेट. दोघांनीही वळण पाहिलं होतं. नवरा खिडकीत आला होता, एका हाताने गज धरून.

"आली बघा गाडी," दीर त्या माणसाला म्हणाला.

त्या माणसाने काचेच्या तड्यावरून बोट फिरवलं आणि जरा चालवून बघू का, असं विचारलं. वहिनींनी किल्ली काढली नाही. इंजिन धडधडत होतं.

"भाऊजी, मास्तरांना आणायला जायचंय," त्या म्हणाल्या. "ते वाट बघत असतील."

"अहो वहिनी, हे इतक्या लांबून आलेत."

"मग बसू देत मागे. टाकीपाशी उतरवते. वळण बघायचं असेल तर आतून बघा."

खिडकीतून नवऱ्याचा आवाज आला. त्याने भावाला हाक मारून सांगितलं की पाहुण्यांना चहाला आत घे. आणि मग, वहिनींकडे न बघता, "उतारावर कितव्यात घेतेस?"

"पहिल्यात," वहिनी म्हणाल्या.

मागे दीर आणि गिऱ्हाईक उभे होते, पुढे पायऱ्या, वळायला अंगणाएवढीच जागा. वहिनींनी हँडल पुन्हा पार अडेपर्यंत नेलं. आतलं मागचं चाक लहानशा गोलात फिरलं, बाहेरचं मोठ्या, आणि रिक्षा त्या दोघांच्या पायांना न लागता एका दमात तोंड फिरवून उताराला लागली.