झाकणं

मनकर्णाबाईला जाऊन तीन महिने झाले होते, आणि ज्या वॉर्डात तिनं बावीस वर्षं झाडू मारला त्याच वॉर्डात तिच्या लेकीला चार बादल्या मांडून धडा द्यायचा होता.

ही लेक, विशाखा, तिथली स्टाफ नर्स. रुग्णालय तालुक्याचं, सिंदेवाहीच्या वाटेवरचं, तीस खाटांचं. दवाखान्यातल्या कचऱ्याचे नियम अठ्ठ्याण्णव साली निघाले. रंगीत बादल्या आणि सुई कापायचं यंत्र यायला दोन हजार तीनची दिवाळी उलटावी लागली. मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं: सफाईच्या बायका आणि नर्सिंगच्या मुली, सगळ्यांना शिकवा. विशाखानं नाही म्हटलं नाही. आईच्या तेरवीनंतर ती कशालाच नाही म्हणत नव्हती.

सकाळी दहा वाजता बाया भिंतीला टेकून बसल्या, मुली वह्या घेऊन उभ्या राहिल्या.

"पिवळी," विशाखा म्हणाली. "रक्ताचा कापूस, बँडेज, बाळंतपणातली वार. हे मागच्या खोल खड्ड्यात जातं. दर वेळी वरून मातीचा थर, आणि खड्डा अर्धा भरला की चुना टाकून बुजवायचा. लाल: सलाईनच्या नळ्या, लघवीच्या नळ्या. त्या औषधी पाण्यात बुडवून, कापून मगच बाहेर."

"कापाच्या काऊन?" सुगंधाबाईनं विचारलं. रोजंदारीवरची सफाईवाली, मनकर्णाबाईची जिवाभावाची. "चांगल्या नळ्या रायते. लोक घासलेटाच्या डब्यात टाकाले मांगते."

"म्हणूनच कापायच्या, मावशी."

बाया हसल्या. विशाखा हसली नाही.

"काळी: मुदत संपलेली औषधं. आणि हा पांढरा, जाड पण आतलं दिसेल असा डबा सुयांचा. सुई वापरली की तिथल्या तिथं यंत्रात कापायची, तुकडा ब्लीचिंगच्या पाण्यात पडतो. पाणी रोज सकाळी ताजं. डबा पाऊण भरला की बंद. वापरलेल्या सुईला झाकण लावायचं नाही. कोणीच नाही, कधीच नाही."

हे वाक्य तिनं पुस्तकातल्यासारखं म्हटलं आणि पुढच्या पानावर गेली. सायमा नावाची बल्लारपूरची मुलगी तेवढं लिहून घेत होती. सुगंधाबाई खाली बघत होती.

धडा संपला. पांगापांग झाल्यावर विशाखानं सकाळचा पांढरा डबा उजेडाला धरला. आत एकही तुकडा नव्हता. अख्ख्या सुया होत्या, आणि प्रत्येकीला नीट दाबून झाकण लावलेलं होतं. ट्रेमध्ये नर्सेस सुया आणि झाकणं वेगवेगळी टाकून जात. कोणीतरी एकेक जोडी जुळवत बसलं होतं.

ही पद्धत तिला माहीत होती. आधी दवाखान्यामागच्या उकिरड्यावर सगळं पडायचं, गावची पोरं पिचकारीसाठी सिरिंजा वेचायची, गायी तोंड घालायच्या. मनकर्णाबाई रोज ट्रे घेऊन बसायची आणि सुयांची तोंडं झाकायची. उघडं ठेवलं तर कोणाच्या तरी लेकराले टोचन, म्हणायची.

सुगंधाबाई मोरीत होती. उजव्या अंगठ्याला पदराची चिंधी.

"मावशी, काय झालं?"

"काई नाई. खाटेची पट्टी लागली."

"दाखव."

"तुही शिकवणी झाली आता, घरी जाय." पण विशाखानं चिंधी सोडली. अंगठ्यावर तंबाखूचा चुना थापलेला, त्याखाली एक बारीक ठिपका.

"कवा?"

"सकाळी. ट्रे आवरून राह्यली होती. तुह्या मायनं शिकवलेलं काम हाय, येवढा गहजब काऊन करतं?"

विशाखानं तिचा हात नळाखाली धरला आणि चुना धुऊन काढला. साबण लावला, पाणी वाहू दिलं. अंगठा दाबला नाही.

त्या ट्रेमध्ये पाच जणांच्या सुया होत्या. प्रयोगशाळेतल्या जुबेरभाऊंनी पाचही जणांचं रक्त घेतलं. एचआयव्हीच्या पट्ट्या पाचही साफ निघाल्या. मग कावीळ-बी. चार पट्ट्यांवर एक रेघ. पाचवीवर हळूहळू दुसरी उमटली. सहा नंबरच्या खाटेवरचा लालसू, जंगलातल्या गावचा, डोळे हळदीसारखे.

"बाई, लवकर करा," जुबेरभाऊ म्हणाले. "टोचल्यापासून चोवीस तासांच्या आत कावीळ रोखणारं इंजेक्शन पाहिजे, अन् लस. चंद्रपूरला लस मिळन, इंजेक्शन नाई. डॉक्टरसाहेब नागपूरला फोन लावून राह्यले."

इंजेक्शन नागपूरला होतं, आणि तिकडची एसटी अडीचला. सुगंधाबाई पायरीवर बसून राहिली.

"मी नाई जात. वहीत लिवाल, उद्या ठेकेदार म्हनन, हे बाई रोगी झाली, काढून टाका. मंग मी काय करू?"

"लिहावंच लागते."

"मंग लिव की खाटेची पट्टी लागली!" तिचा आवाज चढला. "मनकर्णानं बावीस वर्सं झाकणं लावली. तिले झालं काय काही? तिले पान्याची कावीळ झाली अन् गेली. नशीब."

पाण्याची कावीळ. विशाखानंच ते सगळ्यांना सांगितलं होतं. कोणी विचारलं की तेच, मयतीत, तेरवीला, तेच.

ती सुगंधाबाईच्या शेजारी पायरीवर बसली.

"मावशी, मे महिन्यात आईला सुई टोचली होती. झाकण लावताना. तिनं मला बोट दाखवलं. मी ड्यूटीवर निघाले होते, बस चुकत होती. मी म्हटलं, साबणानं धू, काई होत नाई. ऑगस्टमधे तिचे डोळे पिवळे झाले. गणपतीत ती कोणाले ओळखत नव्हती. रक्तात हेच निघालं, लालसूचं आहे तेच."

सुगंधाबाई तिच्याकडे वळली.

"अन् तू सांगतलं नाई?"

"नाई."

"मले बी नाई?"

"कोणालेच नाई."

"तू सांगतलं असतं," सुगंधाबाई सावकाश म्हणाली, "तं मी झाकणं सोडून देली असती."

विशाखा उठली. ती आत गेली. सुई टोचल्याची नोंदवही कोरी होती, बादल्यांबरोबरच आलेली. पहिल्या ओळीत तिनं मे महिन्याची तारीख घातली आणि लिहिलं: मनकर्णाबाई, सफाई कामगार, उजवी तर्जनी, वापरलेल्या सुईला झाकण लावताना. उपचार: काही नाही. दुसऱ्या ओळीत आजची तारीख आणि सुगंधाबाई. वही घेऊन ती पायरीवर आली आणि तिनं दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

सुगंधाबाई उठली. "पिशवी घेऊन येतो," म्हणाली.

एसटीत ती खिडकीशी बसली, हात मांडीवर उलटा ठेवून. शेजारी विशाखा होती. रात्री आठच्या सुमारास नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, आणि लसीचा पहिला डोस. पुढचा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. रक्त तीन महिन्यांनी तपासायचं, मग सहा महिन्यांनी. तोपर्यंत काहीच सांगता येत नाही, तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विशाखानं पुन्हा सगळ्यांना बोलावलं. झाकणं लावलेल्या सुयांचा डबा तिनं रिकामा केला नव्हता. तसाच बंद करून टेबलावर ठेवला. शेजारी वही उघडी. सुगंधाबाई मागे, दाराला टेकून.

सायमानं वाकून पहिली ओळ वाचली. "सिस्टर, मनकर्णाबाई कोण?"

"माझी आई," विशाखा म्हणाली. "काल मी हा धडा अर्धाच सांगितला. बसा."