लाल दिव्याचा निवाडा

पोरगी जेमतेम दोन दिवसांची. सौसरच्या सरकारी दवाखान्यात अश्विनीच्या कुशीत गाठोड्यासारखी निजलेली. पुष्पा सिस्टर आल्या, मोबाईलएवढं मशीन काढलं, त्याच्या वायरीचं मऊ रबरी टोक पोरीच्या कानात बसवलं. मशीन कानात बारीक आवाज सोडतं आणि आतल्या कानाकडून त्याचा प्रतिध्वनी परत येतो का, ते ऐकत बसतं. आला, तर हिरवा दिवा. नाही आला, तर लाल.

डाव्या कानाला लाल. उजव्यालाही लाल.

वॉर्डात त्या वेळी चार पोरं रडत होती, एक पंखा खडखडत होता आणि दारात कोणाचे तरी नातेवाईक चहाच्या कपावरून भांडत होते. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नको बाई. कानात जन्माचा चिकटा राह्यते, गलबला राह्यते, त मशीनले आईकू येत नाई. हे निस्तं चाळणं आहे. चाळणीनं गहू बाजूला काढला म्हनजे फेकून देला असं नाई, सुपात घेऊन निवडाचा राह्यते. दीड महिन्याच्या लशीले आन, पुन्हा पाहू."

एवढंच त्या बोलल्या. पण ते बोलणं वॉर्डातून निघून दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचेतो त्याचं हातपाय फुटलेलं जनावर झालं होतं. 'पुन्हा पाहू' वाटेतच गळून पडलं. 'चाळणं' कोणी उचललंच नाही. फाटकावर उभ्या सासऱ्यापर्यंत, नत्थूजीपर्यंत, एकच शब्द धडधाकट पोचला: बहिरी.

नत्थूजी संत्र्याचे व्यापारी. झाडावर फुलं असतानाच बांधावर उभं राहायचं, डोळे बारीक करायचे आणि आख्ख्या बागेचा सौदा ठोकायचा, असा त्यांचा धंदा. त्यामुळे पाहता क्षणी निवाडा देणं हा त्यांचा स्वभावच झाला होता. निवाडा चुकला की दोष पावसाचा. बरोबर आला की डोळ्याचा.

"आपल्या खानदानात असं कोनी नोयतं," ते मुलाला, भूपेंद्रला म्हणाले, आणि मुलानं मान हलवली. भूपेंद्र मान हलवण्यात पटाईत होता. बाप बोलला तरी हलायची, बायको बोलली तरी हलायची. वाऱ्याचं आणि त्या मानेचं जुनं सूत.

बाराव्या दिवशी बारसं. नणंद सुचिताताई पांढुर्ण्याहून आल्या, दोन पिशव्या आणि एक सुतकी चेहरा घेऊन. पाळणा फुलांनी सजला, घुगऱ्या शिजल्या, आळीतल्या बाया जमल्या. आता आत्यानं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं आणि हळूच नाव सांगायचं. माणसाच्या कानात जगाचा पहिला शब्द पडतो तो असा, लाडानं, चोरून.

सुचिताताई वाकल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

"वैनी, सांगून का फायदा गं?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजल्या. "कान अस्ता त सांगतलं अस्तं."

बायांच्या घोळक्यातून चुकचुक उठली. चुकचुकीसारखं स्वस्त काही नाही, सगळ्यांच्या पदरात असते. मग ताईंना शास्त्र आठवलं. स्वयंपाकघरातून थाळी आणि कलथा मागवला आणि निजलेल्या पोरीच्या डोक्यामागे थाळी दणकन बडवली. दूध पिऊन तर्र झालेली पोर ढिम्म हलली नाही. बारा दिवसांची लेकरं अशीच निजतात, दरोडा पडला तरी. पण घरात तर वैज्ञानिक जमलेले.

"पायलं?" ताई म्हणाल्या. "मशीनचं बी तेच, थाळीचं बी तेच."

मग त्यांनी पोरीच्या कानात नाही, तर भिंतीकडे तोंड करून घोषणा केल्यासारखं सांगितलं, "नाव प्रियंका." आणि घुगऱ्या वाटायला निघून गेल्या. अश्विनी उठली. टाके ओढत होते, तरी वाकली, उजव्या कानाशी गेली, डाव्या कानाशी गेली. दोन्हीकडे नाव सांगून आली. कोणी बघितलं नाही, बघायची कोणाला गरजही नव्हती.

संध्याकाळी खरा बेत कळला. बोरगावला गुणवंता म्हणून एक जण होता, कान झाडून देणारा. लसूण-मोहरीचं तेल कढवून कानात सोडायचा. त्यानं म्हणे कितीतरी बहिऱ्यांना कान दिले. ते बहिरे कोण, कुठं राहतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नत्थूजींनी गुरुवार ठरवून टाकला होता.

अश्विनीनं पोरीचे कान पदरानं झाकले. बारा दिवसांचा कान. त्याचा पडदा केवढा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. आणि त्यात हे कढत तेल.

ती बाहेरच्या खोलीत आली. "मामाजी, एक गोष्ट विचारू का?"

"विचार ना."

"बागेत एका झाडाचं पान पिवळं दिसलं त तुमी का करता?"

नत्थूजी खुलले. धंद्याचं बोलणं. "मुळापाशी उकरून पाह्यतो. डिंक आहे का, कीड आहे का, का निस्ती पान्याची ओढ आहे, हे उकरल्याबिगर कसं समजन?"

"पान पाहून झाड नाई तोडत?"

"येड लागलं का कोनाले?"

"मंग मशीननं निस्तं पान दाखवलं न मामाजी. मूळ अजून कोनं उकरलं? तुमी त तेल घेऊन उभे होऊन राह्यले."

भूपेंद्रची मान हलायच्या बेतात होती, पण कोणत्या दिशेनं ते ठरेना.

"तू लय बोलते," नत्थूजी म्हणाले. पण आपल्याच बागेचा दाखला आपल्याच गळ्यात पडलेला, आता सोडवायचा कसा? "दीड महिन्याच्या लशीपर्यंत. मंग मी कोनाचं आईकनार नाई."

लशीपर्यंत अश्विनीनं पोरीला डोळ्यांआड केलं नाही. अंघोळ घालणाऱ्या बाईच्या हातातली तेलाची वाटीही आधी हुंगून बघायची. दिवसा सगळ्यांना तोऱ्यात उत्तरं द्यायची. पण पोर दूध पिताना तिच्या कानापाशी हळूच चुटकी वाजवायची आणि पापणी हलली की नाही बघायची. कधी हलायची. कधी नाही. मग स्वतःचाच राग यायचा: ताईंची थाळी आणि आपली चुटकी, फरक काय मग?

लशीच्या दिवशी पुष्पा सिस्टरनी दार लावलं, पंखा बंद केला, पोरीला पोटभर पाजायला लावलं. डावा कान: हिरवा. उजवा: लाल. पुन्हा लावलं. लालच.

"डावा झाला," सिस्टर म्हणाल्या. "उजव्यासाठी आता नागपूरले जा. तिथं बेरा करते. झोपलेल्या लेकराच्या डोक्याले तारा लावून कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचते का, किती बारीक आवाज पोचते, ते मोजते. बहिरं आहे का नाई हे ते सांगते. माह्यं मशीन नाई सांगत. तीन महिने व्हायच्या आत जा. कमी अस्लं त लवकर इलाज व्हते."

आणि आता गंमत बघा. पहिल्या लाल दिव्यावर जे घर रडलं होतं, तेच घर आता हसायला लागलं.

"एक कान चालते न? झालं त मंग!" नत्थूजी म्हणाले. "अर्धे लोक एकाच कानानं आईकते, अन् दुसऱ्यानं सोडून देते."

सुचिताताईंनी फोनवरून थाळी बडवायला लावली. या खेपेला पोर जागी होती, दचकली. "आईकते! मी म्हनलं नोयतं?" त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

"ताई, पाळण्याले हादरा बसला तरी लेकरू दचकते," अश्विनी म्हणाली.

"तुले का पोरगी बहिरीच पायजे का वो?"

त्या प्रश्नावर अश्विनीला रडू यायला हवं होतं. आलं हसू. परवा यांना लाल दिवा म्हणजे निकाल वाटला, आज तोच लाल दिवा म्हणजे मशीनची चूक. दिवा तोच, तोंडं तीच. फक्त ज्यात त्रास कमी, ते खरं.

"उजव्यात गुणवंताचे दोन थेंब, बस," नत्थूजी म्हणाले. "नागपूर कायले?"

"अहो," अश्विनी नवऱ्याकडे वळली, "उद्या सकाळची बस आहे. तुमी येता का मी एकटीच जाऊ?"

भूपेंद्रनं बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मान हलली नाही. पहिल्यांदाच तोंड हललं. "डबा काय घेऊ?"

नागपूरच्या दवाखान्यानं फोनवर बजावलं होतं, वाटेत निजवू नका, तपासणीलाच झोप लागली पाहिजे. सावनेरपर्यंत पोरगी जागीच होती. मग डोळे जड झाले. भूपेंद्रनं तळपाय चोळले, नाकावर फुंकर घातली, बैलासारखं हंबरून दाखवलं. आख्खी बस हसली. मान हलवणाऱ्याला आवाजही होता, हे अश्विनीला लग्नाच्या चौथ्या वर्षी कळलं.

खोली बंद, दिवा मंद. मॅडमनी पोरीच्या कपाळावर आणि कानांमागे चिकट बिल्ले लावले, त्यांतून बारीक तारा. पोर नेमकी आताच टक्क जागी. अश्विनीनं मांडी हलवायला सुरुवात केली आणि ओठांवर आपसूक ओवी आली, जुन्या चालीची, शब्द आत्ताचे:

*घुगऱ्या शिजायच्या आधी, कोनं वाढलं ताट गं,*
*मूळ उकरायच्या आधी, कोनं लावली वाट गं.*
*डोळा मीट माह्ये बाई, जगाची नको घाई,*
*मोजू दे कानाची वाट, मंग बोलू जे काई.*

मॅडम हसल्या, बोट ओठांवर ठेवलं. पोर निजली होती. पडद्यावर रेघा उठत राहिल्या, टेकड्यांसारख्या. पाऊण तास अश्विनी त्या टेकड्यांकडे बघत होती आणि एकही वाचता येत नव्हती. तोरा सगळा सौसरला राहिला होता. इथं फक्त घाम होता.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "डावा कान उत्तम. उजव्याची नस चांगली आहे, मेंदूपर्यंत आवाज पोचतोय. पण पडद्यामागे थोडं पाणी साचलंय, म्हणून आवाज जरा दबून जातो. आणि म्हणूनच तुमच्याकडच्या मशीनला लाल आलं. लहान मुलांचं हे पाणी बहुधा आपोआप जातं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर कानात काहीही घालायचं नाही. तेल तर मुळीच नाही."

"हे लिहून द्या मॅडम," अश्विनी म्हणाली. "मोठ्या अक्षरात."

बाहेर येताच भूपेंद्रचा फोन वाजला. नत्थूजी. आवाज बाकड्यावरच्या चार लोकांना ऐकू जात होता. "बहिरी आहे का नाई? एका शब्दात सांग!"

भूपेंद्रनं फोन बायकोकडे दिला.

"बहिरी नाई, मामाजी. एका कानात पानी आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पाह्यचं आहे."

"पुन्हा? मंग आज का पायलं? मशीन खराब होती न त्या सिस्टरची? तक्रार करतो मी!"

"मशीन खरंच बोलली मामाजी. ती म्हने, इकडे नीट पाहा. आपन आईकलं, बहिरी आहे."

तिकडून कुरकुरता आवाज: "पन मी आता लोकाले का सांगू? मी त साऱ्या आळीले सांगून बसलो."

"मंग साऱ्या आळीले चहाले बोलवा अन् दुसऱ्यांदा सांगा," अश्विनी म्हणाली आणि फोन ठेवला.

मॅडमचा कागद तिनं घडी घालून ब्लाउजात खोचला. मांडीवरची पोर उजव्या कुशीवर गाढ निजली होती, तिला ना बहिरेपणाची खबर, ना शहाणपणाची. अश्विनीनं नवऱ्याला खिडकीकडे ढकललं.

"जा, तीन महिन्यांची तारीख मांगा. सोमवार नका घेऊ, लय गर्दी राह्यते."